पगारपत्रकात न दिसणारा तास

निकाल लागले की माझ्याकडे मुलं ऑफर लेटर घेऊन येतात. कुणी एम.ए. मानसशास्त्र झालेलं, कुणी एम.एस.डब्ल्यू. पंचवीसेक वर्षं मी समुपदेशकांचं सुपरव्हिजन करते आहे, त्यामुळे मी पटकन सांगेन अशी त्यांची समजूत असते. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी एकदम तीन पत्रं घेऊन आली. एक शाळेचं, एक खासगी क्लिनिकचं आणि एक ईएपीचं. ईएपी म्हणजे कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना समुपदेशन पुरवणारी संस्था. कंपनी तिला वर्षाचे पैसे देते आणि समुपदेशक त्या संस्थेच्या पगारावर असतात.

"मॅडम, ईएपीचे बत्तीस हजार सगळ्यात जास्त आहेत," ती म्हणाली. मी तिला कोरा कागद दिला आणि आम्ही हिशेबाला बसलो.

शाळेचा पगार महिना 28,000, पण करार जून ते मार्च, दहाच महिन्यांचा. म्हणजे वर्षाचे 2,80,000. बारा महिन्यांत वाटले तर 23,300. क्लिनिकमध्ये पगारच नव्हता. एका सत्राची फी 1,000 आणि त्यात तिचा वाटा 40 टक्के. क्लिनिकने सांगितलं होतं की महिन्याला चाळीस सत्रं मिळतील, म्हणजे 16,000. पण नव्या समुपदेशकाकडची सहा-सात सत्रं तरी आयत्या वेळी रद्द होतात, आणि रद्द झालेल्या सत्राचे पैसे तिला मिळणार नव्हते. तेहेतीस सत्रं धरली तर 13,200. ईएपीत दिवसाला सहा सत्रं, बावीस दिवस, म्हणजे 132 सत्रं. बत्तीस हजाराला भागलं तर एका सत्राचे 242 रुपये. हा आकडा बघून ती जरा वेळ गप्प झाली.

मग मी विचारलं, "सुपरव्हिजन कुठे आहे?"

शाळेच्या पत्रात लिहिलं होतं, मुख्याध्यापिकांना रिपोर्टिंग. ईएपीच्या पत्रात होतं, दरमहा क्वालिटी रिव्ह्यू. क्लिनिकच्या पत्रात ओळच नव्हती. पण तिथल्या ज्येष्ठ बाई दर बुधवारी प्रत्येक समुपदेशकाबरोबर एक तास स्वतंत्रपणे बसतात, हे मला माहीत होतं. पुण्यात या विद्यार्थिनीच्या ओळखीच्या सुपरव्हायझर तासाला 1,500 घेत. महिन्याला चार तास विकत घ्यायचे तर 6,000. ते वजा केले तर ईएपीचे 26,000 उरले आणि शाळेचे 17,300. क्लिनिकचे 13,200 तसेच राहिले, कारण तिथे तो तास मिळतच होता. शाळा आणि क्लिनिक यांच्यातलं कागदावरचं बारा हजारांचं अंतर चार हजारांवर आलं.

तो तास एवढा महाग का धरायचा, हे मुलांना समजावणं अवघड जातं. त्यातल्या त्यात एम.एस.डब्ल्यू.च्या मुलांना लवकर कळतं. त्यांनी दोन वर्षं आठवड्याला पंधरा तास फील्डवर्क केलेलं असतं, रेकॉर्डिंग लिहिलेलं असतं आणि आयसीत, म्हणजे शिक्षकांबरोबरच्या वैयक्तिक बैठकीत, त्या रेकॉर्डिंगवर लाल शाईच्या खुणा सोसलेल्या असतात. मानसशास्त्राच्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला हे फार तुटपुंजं येतं. त्यांना वरिष्ठांनी कामाची चौकशी केली की सुपरव्हिजन झालं असं वाटतं. पण किती सत्रं झाली, किती केसेस बंद केल्या, नोंदी वेळेवर भरल्या का, हे विचारणं म्हणजे देखरेख. सुपरव्हिजनमधला प्रश्न वेगळा असतो: मुलगा असं म्हणाला, मग तू नेमकं काय म्हणालीस? शब्द सांग.

माझ्यासमोर घडलेला एक तास सांगते. तपशील बदलले आहेत. शाळेत नव्यानं लागलेली एक समुपदेशक आठवीतल्या मुलाचं सत्र वाचून दाखवत होती. मुलगा म्हणाला, "मॅम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" वहीत पुढची ओळ होती, "नाही रे, प्रॉमिस." ती पुढे वाचत गेली, मी तिला त्या ओळीवर परत आणलं. पुढच्या सत्रात मुलानं नात्यातल्या एका माणसाबद्दल सांगितलं असतं, तर तिला ते प्रॉमिस पाळता आलं नसतं. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती पोलिसांना द्यावीच लागते आणि न देणं हा गुन्हा आहे. म्हणजे मूल पहिल्यांदा विश्वास टाकणार आणि तोच मोडणार. आम्ही पाऊण तास एका वाक्यावर घालवला. शेवटी तिनं स्वतःच्या भाषेत लिहिलं, "बहुतेक गोष्टी तुझ्यामाझ्यात राहतील. पण तुला कुणी इजा करतंय किंवा तूच स्वतःला करशील असं वाटलं, तर मला मदत आणावी लागेल, आणि ते मी तुला आधी सांगेन." दुसऱ्या दिवशी तिनं मुलाला बोलावून हे सांगितलं. ही चूक कुठल्याही क्वालिटी रिव्ह्यूत सापडली नसती. तिथे त्या सत्राला चांगले गुण मिळाले असते, कारण मुलगा खुलून बोलला होता.

म्हणून मुलाखतीत काय विचारायचं ते मी मुलांकडून पाठ करून घेते. सुपरव्हिजन कोण करतं आणि त्यांचं शिक्षण काय? ते आठवड्याला होतं की अडचण आली तर? कामाच्या वेळेत की रविवारी? जो माझी पगारवाढ ठरवतो, तोच सुपरव्हायझर आहे का? असेल तर माणूस आपली चूक त्याच्यासमोर काढणार नाही. आणि शेवटचा प्रश्न, शुक्रवारी पावणेचारला एखादी मुलगी म्हणाली की तिला जगायचं नाही, तर मी फोन कुणाला करू? ज्या ठिकाणी याचं उत्तर एका नावानं मिळतं, तिथे व्यवस्था आहे. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं उत्तर आलं, तर व्यवस्था नाही.

क्लिनिकची आणखी एक खूण दारावरच दिसते. नुसतं एम.ए. केलेल्याच्या नावापुढे पाटीवर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहिलेलं असेल, तर तिथून परत फिरावं. त्या कामासाठी वेगळं क्लिनिकल प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पाटीवर खोटं लिहिणारे केसबद्दल खरं ऐकून घेतील, यावर माझा विश्वास नाही.

शाळांमध्ये जागा वाढताहेत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. मला काळजी वाटते ती हजेरीपटावर नाव चढवून त्या माणसाला ऑफ तासिकांना वर्गावर पाठवण्याची. ज्या मुलीनं काल वर्गात "गप्प बसा" म्हणून दटावलं, तिच्याकडे आज कोण रडायला येईल?

त्या विद्यार्थिनीला क्लिनिक हवं होतं, पण 13,200 मध्ये खोलीचं भाडं देऊन पुण्यात राहणं शक्य नव्हतं. तिचे वडील शेती करतात. भाडं द्यायला घर पाठीशी असलेल्या दुसऱ्या मुलीनं ती जागा घेतली. ही गोष्ट मला फार बोचते. ज्यांना आयुष्यातल्या अडचणी जवळून माहीत आहेत, तीच मुलं शिकण्याच्या जागेतून बाहेर पडतात. हिनं शाळा घेतली, पण सही करण्याआधी दोन गोष्टी मागितल्या. दार लागेल अशी खोली, आणि महिन्याला दोन तास बाहेरचं सुपरव्हिजन शाळेच्या खर्चानं. खोली मिळाली नाही, ग्रंथालयाचा कोपरा मिळाला. सुपरव्हिजनचा एक तास मंजूर झाला आणि पत्रात लिहून मिळाला.

ईएपीची जागा कर्जाचा हप्ता चालू असलेल्या एका एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलानं घेतली. त्यानं पाच सहकारी जमवले आहेत. महिन्यातून दोन रविवारी दीड तास ते एका सुपरव्हायझरकडे बसतात आणि बैठकीचे 2,250 रुपये सहा जणांत वाटून घेतात, प्रत्येकी 375. दर वेळी दोघांच्याच केसेस होतात, त्यामुळे आपली पाळी दीड महिन्यानं येते. हा खर्च संस्थेनं उचलावा म्हणून त्यांनी अर्ज दिला आहे. सोबत सहाही जणांच्या पावत्या जोडल्या आहेत.