हनुमान जयंती: खरी तिथी कोणती?

चैत्र पौर्णिमा आली की कुणीतरी विचारतंच, "अयोध्येत हनुमान जयंती दिवाळीत असते, मग खरी कोणती?" जन्म तर एकदाच झाला. मग बाकीचे सगळे चुकीच्या दिवशी हात जोडतात का?

आधी एक गुंता सोडवू. अयोध्येत हनुमानगढीला जयंती कार्तिक कृष्ण चतुर्दशीला असते. आपल्या पंचांगात हाच दिवस आश्विन कृष्ण चतुर्दशी, म्हणजे नरक चतुर्दशी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, म्हणून कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एकच, डिस्प्ले वेगळा. पण चैत्र पौर्णिमा आणि ही चतुर्दशी यांच्यातलं सहा महिन्यांचं अंतर काही नावाने मिटत नाही.

वाल्मीकी रामायणात जन्मकथा दोनदा येते. किष्किंधाकांडात जांबवान ती खुद्द हनुमंताला सांगतो, उत्तरकांडात अगस्त्य ऋषी रामाला सांगतात. तिथी मात्र कुठेच नाही. एक धागा आहे. बाळ मारुती सूर्याकडे झेपावतो त्याच दिवशी राहू सूर्याला ग्रासायला आलेला असतो. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणजे झेप अमावास्येची. जन्म आदल्या दिवशी धरला तर चतुर्दशी येते आणि अयोध्येची तिथी चपखल बसते! पण जन्म आणि झेप यांत किती दिवस गेले हे कथा मोजून सांगत नाही. पौर्णिमेला जन्मलेलं बाळ पंधरा दिवसांनी झेपावलं असं म्हटलं, तरी कथेला कुठे धक्का लागत नाही. धागा सुंदर आहे, पुरावा नाही.

तमिळनाडूचा हिशोबच निराळा. तिथे मार्गळी या सौर महिन्यातली अमावास्या आणि मूळ नक्षत्र बघतात. मार्गळीत सूर्य धनु राशीत असतो, अमावास्येला चंद्र त्याच्याजवळ येतो आणि मूळ नक्षत्र धनु राशीच्या सुरुवातीलाच आहे. त्यामुळे दोन्हींचा मेळ जमतो. मार्गळी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, म्हणून 2024 मध्ये तिथे जयंती दोनदा आली: 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला.

मला वाटतं, "खरी कोणती" हा प्रश्न जयंतीला इतिहासाची नोंद समजतो. तशी ती असती तर फार तर एक तिथी बरोबर ठरली असती आणि तीही सिद्ध करता आली नसती. पण पहाटे कीर्तन लावून सूर्योदयाला जन्म साजरा करणारं आपलं गाव कसला दावा मांडत नसतं. ते एक नेम पाळत असतं. दाव्याला पुरावा लागतो, नेमाला सातत्य. चेन्नईच्या मित्राने डिसेंबरात उपास धरला तर त्याने माझा चैत्र खोटा पाडलेला नसतो. आणि हो, तो वड्यांची माळ अर्पण करतो, आपण रुईच्या पानांची. त्यावरून कुणी भांडत नाही, हे विशेष.