ओढ माणसाची, की रिकाम्या संध्याकाळची?

 

मागच्या महिन्यात महिला सत्संगानंतर एका ताईंनी मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या परवानगीने तो इथे मांडते आहे. नाव-गाव सांगत नाही, थोडे तपशीलही बदलले आहेत. वय बावन्न, यजमान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा गोव्यात नोकरीला, मुलगी बेळगावला दिलेली. सेवेच्या निमित्ताने दुसऱ्या केंद्रातल्या एका विधुर दादांशी ओळख झाली. रोज सकाळी त्यांचा सुप्रभात येतो. संध्याकाळी कधी फोन येतो, "जेवलात का?" असं विचारतात. ताई म्हणाल्या, "मला त्यांची ओढ लागली आहे. पण ही ओढ खरी, की घर खायला उठतं म्हणून? आणि त्यांच्या मनात काही आहे का, हे कसं ओळखायचं?"

बघा, इथे प्रश्न एक नाही, दोन आहेत. समोरच्याची खूण धूसर आहे, आणि ती वाचणारं आपलं मनही भुकेलेलं आहे.

न्यायशास्त्रात संशयाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. तिन्हीसांजेला लांब काहीतरी उभं दिसतं. खांब की माणूस? उंची दोघांनाही असते, म्हणून नुसत्या उंचीवरून काही ठरत नाही. हात-पाय दिसले तर माणूस, ढोली दिसली तर खांब. अणशीच्या जंगलातून अंधार पडता चालत आलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. घाबरलेल्याला त्या खुंटात अस्वल दिसतं, वाट बघणाऱ्याला आपला माणूस दिसतो.

"जेवलात का?" ही नुसती उंची आहे. आपुलकीने विचारणारा तेच विचारतो, सवयीने विचारणाराही तेच. सुप्रभातचं तर विचारूच नका. मोबाइलवर ब्रॉडकास्ट यादी करता येते. एकाच वेळी चाळीस जणांना निरोप जातो आणि ज्याच्या त्याच्या फोनवर तो साध्या, एकट्याला पाठवलेल्या निरोपासारखा दिसतो. आणि आपल्या भागात दोन टिकांचाही भरवसा नाही. एकच टिक राहिली म्हणजे ते रागावले असं नव्हे, पावसात घाटाकडची रेंज गेली असेल. दोन निळ्या झाल्या आणि उत्तर नाही, तर हातात काम असेल. निळी खूण बंदही ठेवता येते. ताई रात्री दोनदा उठून टिका बघत होत्या.

आता मनाच्या भुकेचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक प्रयोग झाला, तो २०२० साली छापून आला. चाळीस निरोगी माणसांना एक दिवस दहा तास एकटं ठेवलं, फोनसुद्धा नाही. दुसऱ्या एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं. मग त्यांना चित्रं दाखवून मेंदू तपासला. उपाशी माणसाचा मेंदू जेवणाच्या चित्राला जसा प्रतिसाद देत होता, तसाच एकटं राहिलेल्याचा मेंदू, त्याच भागात, माणसं एकत्र हसतखेळत असल्याच्या चित्राला देत होता. म्हणजे दहाच तासांत माणसांची भूक लागते. इथे तर चार वर्षं.

भुकेची गोष्ट अशी की तिला पदार्थ ठरलेला नसतो. सपाटून भूक लागली की शिळी भाकरीही गोड लागते. आवड मात्र पोट भरल्यावरही राहते. जेवण झालं तरी एखाद्याला फणसाचा गरा दिसला की हात पुढे जातो. पारख करायची तर पोट भरलेलं असताना करावी, असं मी ताईंना सांगितलं.

योगायोगाने त्यांची मुलगी नातवाला घेऊन नऊ दिवस राहायला येणार होती. मी म्हटलं, एक वही करा. डाव्या बाजूला घडलं ते लिहा, उजव्या बाजूला आपल्याला वाटलं ते. वेळही टाका. आणि मुलगी असतानाही लिहीत राहा.

वही दोघींनी मिळून बघितली. मुलगी यायच्या आधीच्या जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते नऊमधल्या. डावीकडे एक ओळ, उजवीकडे अर्धं पान. "आज फोन नाही" या तीन शब्दांसमोर त्यांनी काय काय लिहिलं होतं! मुलगी आल्यावर पहिले पाच दिवस वही कोरी. सहाव्या दिवशी एकच नोंद, तीही दुपारची. दादांनी कधीतरी सांगितलं होतं की त्यांच्या काजूच्या रोपांना दरवर्षी वाळवी लागते. नातवाबरोबर परसात फिरताना ताईंना ते आठवलं आणि वाटलं, यंदा रोपं जगली का ते विचारायला हवं.

मला ही एक नोंद त्या सगळ्या अर्ध्या पानांपेक्षा मोलाची वाटली. सातच्या नोंदींत दादा नव्हतेच, फोनची घंटा होती. त्या जागी दुसरं कुणी रोज "जेवलात का?" विचारलं असतं तरी त्या नोंदी तशाच झाल्या असत्या. काजूच्या नोंदीत मात्र एक ठराविक माणूस होता, त्याची स्वतःची काळजी होती, आणि त्यात ताईंना मिळण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना अजून एक विचारलं, त्यांचं काय आवडत नाही? त्या लगेच म्हणाल्या, "बोलताना दुसऱ्याला पुरं करू देत नाहीत." हेही बरं लक्षण. नुसत्या भुकेला दोष दिसत नाहीत.

या परीक्षेची मर्यादा सांगायला हवी. एकटेपणा आहे म्हणून ओढ खोटी, असं यातून निघत नाही. भुकेलेल्या माणसालाही फणस मनापासून आवडू शकतो. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढलं, तिथे येणारे बहुतेक एकटेपणामुळेच येतात. त्या मार्गाबद्दल आपल्यात मतं वेगळी असतील, तो वाद इथे नको. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे आपण कशासाठी आलो हे दोघांनाही आधीच माहीत असतं, खूण वाचत बसावी लागत नाही. आपल्याकडे सगळं आडून चालतं.

आणि आडून चाललं की ओढ वाढते. डोरोथी टेनोव्ह या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं आहे. वेड्या ओढीला खतपाणी मिळतं ते थोडी आशा आणि थोडी शंका एकत्र असली की. स्पष्ट हो किंवा नाही आलं की ती बहुधा ओसरते, किंवा तिचं दुसरं काही शांत होतं. म्हणून वर्षभर टिका मोजण्यापेक्षा एकदा विचारलेलं बरं. मात्र रात्री सातला नको, सकाळी विचारावं. आणि उत्तर "नाही" आलं तरी आपली सेवा, आपलं घर चालू राहील इतपत आधार शेजारी, मुलगी, सत्संग यांचा आधी करून ठेवावा, मगच विचारावं.

ताईंनी रविवारी सकाळी फोन केला. आधी काजूचं विचारलं. मग म्हणाल्या, "दादा, तुमचा फोन आला की मला बरं वाटतं. तुमच्या मनात काही वेगळं आहे का, की आपलं सगळ्यांसारखंच? जे असेल ते सांगा, मला वाईट वाटणार नाही."

सुप्रभात सगळ्या सेवेकऱ्यांना एकदमच जातो, हे त्यांनी हसत सांगितलं. फोन मात्र फक्त ताईंनाच करतात, तेही संध्याकाळी घरात बोलायला कुणी नसतं म्हणून. पुढचं काही त्यांनी मनात आणलेलं नाही, मुलांना विचारल्याशिवाय आणणारही नाहीत. मग थोडं थांबून म्हणाले, दहातली सहा रोपं जगली आहेत.

आता फोन आठवड्यातून एकदा होतो, रविवारी सकाळी. सातच्या वेळेला ताई शेजारच्या दोन मुलींचा अभ्यास घेतात. वही अजून चालू आहे.