पडत राहण्याचा वेग

उपग्रहाचा वेग काढणं दहावीच्या विज्ञानातही दोन ओळींत होतं. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला लागणारं अभिकेंद्री बल mv²/r, पृथ्वीची ओढ GMm/r². दोन्ही समान मांडायची, m दोन्हीकडून गळतो, आणि v² = GM/r हाती येतं. उत्तर बरोबर, गुणही मिळतात. पण त्याच विद्यार्थ्याला विचारावं की उपग्रह खाली का पडत नाही, तर बहुतेक वेळा उत्तर येतं: पृथ्वी त्याला आत ओढते, वेग त्याला बाहेर ढकलतो, दोन्ही बलांचा तोल साधला म्हणून तो अधांतरी टिकतो.

या उत्तराला मी चूक म्हणून झटकून टाकणार नाही. ते विचारपूर्वक दिलेलं उत्तर आहे, आणि सतराव्या शतकातली सर्वोत्तम डोकी त्याच ठिकाणी पोचून थांबली होती. खुद्द न्यूटनही तिथे बरीच वर्षं थांबला. समीकरण तेच राहिलं, पण त्याचा अर्थ उलटा व्हायला एक पिढी खर्ची पडली. ती उलथापालथ कळल्याशिवाय उपग्रहाचं वागणं कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

केप्लरकडे हा प्रश्न या रूपात नव्हताच. ग्रहांचे नियम त्याने शोधले. परिभ्रमण काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हा तिसरा नियम १६१९ साली छापून आला. पण ग्रहाला चालत ठेवायला मागून काहीतरी रेटत असलं पाहिजे, असं तो धरून चालला होता, आणि हा रेटा सूर्य स्वतःभोवती फिरताना देतो असं त्याला वाटे. रेटा थांबला की गती थांबते, ही जुनी समजूत त्याच्याही मागे होती.

ती समजूत देकार्तने मोडली. वस्तूला मोकळं सोडलं तर ती सरळ रेषेत, त्याच वेगाने जात राहते, वळत नाही. त्याने उदाहरण दिलं गोफणीचं. गोफण गरागरा फिरते तेव्हा दगड दोरी ताणून धरतो. हाताला जाणवतं की दगड बाहेर निसटू बघतोय. सगळ्यांचं लक्ष मग या बाहेरच्या ताणाकडे गेलं, आणि हायगेन्सने १६५९ साली त्याचं मोजमाप काढलं. वेग दुप्पट केला तर ताण चौपट, वर्तुळ दुप्पट मोठं केलं तर त्याच वेगाला ताण निम्मा, म्हणजेच v²/r. ही सूत्रं त्याने १६७३ च्या लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथाच्या शेवटी सिद्धतेविना छापली. आज आपण लिहितो ते सूत्र हेच. फक्त हायगेन्सच्या मनात ते बाहेर जाऊ पाहणाऱ्या बलाचं होतं.

हायगेन्सवर अवलंबून न राहता न्यूटननेही १६६० च्या दशकात तेच सूत्र काढलं आणि ते चंद्राला लावून बघितलं. चंद्राची पृथ्वीपासून दूर जाण्याची धडपड किती, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व त्याच्या किती पट, असा त्याचा हिशोब होता. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर आहे. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर उत्तर साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० यायला हवं. त्याचं उत्तर आलं चार हजारांहून थोडं जास्त, कारण पृथ्वीच्या आकाराचा जो आकडा त्याने घेतला तो कमी होता. आकड्यातली ही चूक पुढे पिकारच्या मोजणीने सुधारली, पण कल्पनेतली उणीव आकड्याने सुधारणारी नव्हती. चंद्राच्या धडपडीची गुरुत्वाशी तुलना करताना न्यूटन अजून तोलाच्या चौकटीतच होता.

चौकटीबाहेरचा रस्ता दाखवला रॉबर्ट हूकने. नोव्हेंबर १६७९ मध्ये त्याने न्यूटनला पत्र लिहून विचारलं की ग्रहांची गती स्पर्शरेषेतली सरळ चाल आणि मध्याकडची ओढ या दोहोंपासून झाली असं मानलं तर काय वाटतं. या मांडणीत बाहेर ढकलणारं बल कुठेच नाही. सरळ जाण्यासाठी कशाचीच गरज नाही, वळण्यासाठी मात्र ओढ लागते, एवढंच. गणिताने ते सिद्ध करणं हूकला जमलं नाही. ते न्यूटनने केलं, १६८४ मध्ये हॅलीने येऊन विचारल्यावर. तरी श्रेय वाटताना हूकच्या वाट्याला फार कमी आलं, आणि हे मला आजही खुपतं.

आता तोलाच्या उत्तराची परीक्षा सोपी आहे. दोन बलं खरोखर एकमेकांना पुरी पडली असती, तर चंद्रावर निव्वळ बल शून्य झालं असतं, आणि निव्वळ बल शून्य असलेली वस्तू सरळ रेषेत जाते. तो वळतो, याचाच अर्थ काहीही तोललेलं नाही. ओढ एकच आहे, आतली, आणि ती सगळीच्या सगळी वळवण्यात खर्च होते. समीकरणातलं mv²/r हे दुसरं बल नव्हे. या वेगाने, एवढ्या वर्तुळात वळायला किती बल लागेल याची ती मागणी आहे. पुरवठा गुरुत्व करतं. बरोबरीचं चिन्ह मागणी आणि पुरवठा यांच्यामध्ये आहे.

'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या भागात, १६८७ साली, न्यूटनने चंद्राचा हिशोब पुन्हा मांडला तेव्हा भाषा बदललेली होती. दूर जाण्याची धडपड गेली, आणि चंद्र एका मिनिटात किती पडतो, हा प्रश्न आला. स्पर्शरेषेत सरळ गेला असता तर जिथे असता, त्यापेक्षा तो मिनिटाभरात पृथ्वीकडे १५ पॅरिस फूट आणि वर साधारण इंचभर सरकलेला असतो. आपल्या मापात ४.९ मीटर. आणि जमिनीवर सोडलेला दगड एका सेकंदात तेवढाच पडतो, हे हायगेन्सने लंबकावरून मोजलेलं होतंच. मिनिटात सेकंद साठ, पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं, आणि चंद्राचं अंतर त्रिज्येच्या साठपट. म्हणून साठाचा वर्ग दोन्हीकडून जुळतो. एकच आकडा, एकीकडे सेकंदात आणि दुसरीकडे मिनिटात. भौतिकशास्त्रातला इतका देखणा हिशोब मला दुसरा ठाऊक नाही.

उपग्रहाकडे याच नजरेने बघू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. पहिली चूक इथेच होते. सूत्रातला r म्हणजे उंची नव्हे, पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर. म्हणजे ६३७१ अधिक ४००, ६७७१ किलोमीटर. पृथ्वीसाठी GM हा गुणाकार ३,९८,६०० आहे, किलोमीटर आणि सेकंदांच्या एककात. भागाकार येतो ५८.८७, त्याचं वर्गमूळ ७.६७. म्हणजे वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर. परीघ २πr म्हणजे सुमारे ४२,५४४ किलोमीटर, त्याला वेगाने भागलं की ५५४५ सेकंद, म्हणजे साडेब्याण्णव मिनिटांच्या आत एक फेरी.

आता त्यातला एकच सेकंद घ्या. त्या उंचीवर गुरुत्व त्वरण ८.७ आहे, जमिनीवरच्या जवळपास एकोणनव्वद टक्के. तेव्हा गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे तिथले अंतराळवीर तरंगतात, हे खरं नाही. स्थानक त्या सेकंदात ४.३५ मीटर पडतं. त्याच सेकंदात ते ७.६७ किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरावर त्या त्रिज्येचं वर्तुळ स्पर्शरेषेपासून किती खाली वळलेलं असतं ते मोजलं, तर तेही ४.३५ मीटरच. स्थानक पडलं, पण जमीनही तेवढीच वळली, म्हणून उंची तीच राहिली. अंतराळवीर स्थानकाबरोबरच, तितकेच पडतात, म्हणून त्यांना भार जाणवत नाही. आणि m गळण्याचा अर्थही इथे उघड होतो. जड आणि हलकी वस्तू सारखीच पडते, तर टनावारी वजनाच्या स्थानकाला आणि त्यातून सुटलेल्या पान्याला एकच वेग पुरतो.

समीकरण उलट बाजूनेही चालतं. v च्या जागी 2πr/T घातलं की T² = 4π²r³/GM मिळतं, म्हणजे केप्लरचाच तिसरा नियम, फक्त आता त्याचं कारण माहीत असलेला. काळ आधी ठरवा आणि उंची विचारा. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तो काळ, २३ तास ५६ मिनिटं, घातला तर r येतं ४२,१६४ किलोमीटर, जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर, आणि वेग फक्त ३.०७. विषुववृत्तावरच्या आकाशात जागचा न हलणारा उपग्रह हवा असेल तर उंची ही एकच. गच्चीवरची डिश एकदा दक्षिणेकडच्या आकाशाला जुळवली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही, ती यामुळे.

वर जावं तसा वेग कमी होतो, ही गोष्ट पाठ करायला सोपी आणि पचायला अवघड. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानातल्या जेम्स मॅकडिव्हिटने, त्याच कक्षेत तरंगणाऱ्या आपल्याच रॉकेटच्या सुट्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याने यानाचं तोंड त्या टप्प्याकडे केलं आणि इंजिन चालवलं, विमानात किंवा गाडीत आपण करू तेच. टप्पा जवळ येईना, दूरच जाऊ लागला, आणि इंधन खर्ची पडल्यावर प्रयत्न सोडावा लागला. त्याच कक्षेत पुढे असलेल्या वस्तूकडे वेग वाढवून गेलं की यानाची कक्षा वर उचलली जाते, मोठ्या कक्षेची फेरी जास्त वेळ घेते, आणि यान मागे पडतं. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खालच्या, लवकर संपणाऱ्या कक्षेत उतरावं लागतं. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ए ने हा हिशोब सांभाळला: ते जेमिनी-७ च्या मागे, खालच्या कक्षेतून आलं आणि त्याच्याजवळ पोचलं.

हवेचा अडथळा तर याहून विचित्र वागतो. ४०० किलोमीटरवरही अतिविरळ हवा आहे. ती स्थानकाला मागे खेचते, आणि स्थानकाचा वेग वाढतो. हिशोब करून बघा. दहा किलोमीटर खाली उतरल्यावर कक्षेला लागणारा वेग सेकंदाला जवळपास पावणेसहा मीटरने जास्त येतो, आणि फेरी बारा सेकंदांनी लवकर संपते. उतरताना प्रत्येक किलोमागे सुमारे ८७ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्यातली निम्मी हवेत उष्णता होऊन जाते, उरलेली निम्मी वेग वाढवते. म्हणूनच उपग्रह खाली सरकतोय का हे ओळखायला त्याची फेरी मोजतात. काळ दिवसेंदिवस घटत असेल तर तो उतरतोय. स्पुटनिकची कक्षा लंबवर्तुळाकार होती, पण तिचाही काळ असाच घटत गेला, आणि ४ ऑक्टोबर १९५७ ला सुटलेला तो उपग्रह ४ जानेवारी १९५८ ला वातावरणात जळून गेला. अशा घटत्या काळांवरून वरच्या वातावरणाची घनता किती, हे पुढच्या वर्षांत शास्त्रज्ञांनी काढलं.