खातं काढलं म्हणजे नेमकं काय केलं?

बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलीच्या नावाने समाजमाध्यमावर बनावट खातं निघालं, तिचाच फोटो लावून कुणीतरी ओळखीच्यांकडे पैसे मागू लागलं, असं समजू. तिचा भाऊ त्या समाजमाध्यमाच्या कंपनीकडे तक्रार लिहायला बसतो. वाचणारा माणूस कुठल्या देशात बसलाय, त्याला माहीत नाही. मराठी मजकूर इंग्रजी होऊन त्याच्यापुढे जाणार, एवढंच माहीत आहे. भाऊ लिहितो: ‘कुणीतरी माझ्या बहिणीच्या नावाने खातं काढलं आहे. तिचा फोटो टाकून ते लोकांकडे पैसे मागत आहेत. आमची बदनामी चालली आहे. ताबडतोब कारवाई करावी.’

मराठी माणूस हे वाचून लगेच समजतो. गोची होते ती ‘बदनामी’पाशी. आपण हा शब्द मनस्तापासाठी सैल हाताने वापरतो. भाषांतरात मात्र त्याचं ‘डिफमेशन’ होतं, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये तो अपवादांसकट मांडलेला आहे. मजकूर खरा की खोटा, लोकहितासाठी की द्वेषाने, हे ठरवणं न्यायालयाचं काम. श्रेया सिंघल खटल्याच्या 2015 च्या निकालानंतर अशा मजकुराबाबत ‘न्यायालयाचा आदेश आणा’ म्हणायला कंपनीला जागा मिळते. शिवाय माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मधल्या निषिद्ध मजकुराच्या यादीतून ‘बदनामीकारक’ हा शब्द 2022 च्या दुरुस्तीत वगळला गेला.

त्याच नियमांत 3(2)(b) हा वेगळा दरवाजा आहे. दुसऱ्याच्या नावाने वावरणं, म्हणजे तोतयेगिरी, त्यात मोडते. सर्वसाधारण तक्रारीला मूळ नियमांत 15 दिवस होते, तर अशा तक्रारीवर 24 तासांत पावलं उचलायची होती. दुरुस्त्यांनी आकडे बदलतात, म्हणून तक्रार करताना चालू मुदत पाहावी. पण तोतयेगिरीची घाई वेगळी धरलेली आहे. इथे अब्रू गेली हे सिद्ध करायचं नसतं. फोटोतली व्यक्ती मी आहे आणि खातं माझं नाही, एवढंच दाखवायचं असतं. म्हणजे भावाने हातात असलेली जलद वाट सोडून स्वतःच संथ वाट पकडली, तीही एका शब्दापायी.

बाकीची वाक्यंही निरुपद्रवी नाहीत. ‘खातं काढलं’ म्हणजे आपल्या लेखी उघडलं. भाषांतरात ते ‘काढून टाकलं’ झालं, तर बहिणीचं खातं कंपनीने बंद केलं अशी वेगळीच तक्रार तयार होते. उत्तर येतं, ‘तुमचं खातं सुरू आहे’, आणि भाऊ चक्रावतो. ‘ते मागत आहेत’ मधले ‘ते’ कोण? ‘कुणीतरी’ हा एकटा असू शकतो. इंग्रजीत टोळी उभी राहते. आणि ‘आमची’? पीडित बहीण आहे. तिच्या वतीने दुसऱ्याने तक्रार करायला 3(2)(b) मुभा देतो, पण ‘तिच्या वतीने, तिच्या संमतीने’ असं लिहायला हवं. नाहीतर वाचणारा भावालाच पीडित समजतो.

तारखेचं आणखी वेगळं. ‘03/04 च्या रात्री दीडला’ म्हटलं तर अमेरिकेत 4 मार्च वाचला जाईल, आणि जागतिक प्रमाणवेळेत तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे आठच वाजलेले असतात. महिना अक्षरात लिहावा, ‘भारतीय वेळ’ जोडावी.

मग तक्रार अशी होते: ‘1. ही तक्रार मी माझ्या बहिणीच्या वतीने, तिच्या संमतीने करत आहे. 2. सोबतच्या दुव्यावरचं खातं तिने उघडलेलं नाही. 3. खात्यावर तिचं नाव आणि तिचा फोटो आहे. 4. या खात्यावरून 3 एप्रिलला रात्री 1.30 वाजता, भारतीय वेळेनुसार, तिच्या मैत्रिणीला पैसे मागणारा संदेश आला. 5. खातं चालवणारी व्यक्ती आम्हाला माहीत नाही. 6. ही नियम 3(2)(b) खालची तोतयेगिरीची तक्रार आहे.’ एका वाक्यात एकच क्रियापद, प्रत्येकाला कर्ता. क्रमांक असल्याने इंग्रजीचं चौथं वाक्य मराठीच्या चौथ्याशी ताडता येतं. संदेशातले शब्द मात्र देवनागरीत जसेच्या तसे ठेवावेत, भाषांतर त्याखाली. संदेशात ‘बघून घेईन’ असेल, तर ती धमकी आहे हे शब्दशः इंग्रजीत दिसत नाही. पण तेवढ्यासाठी तिथे ‘जिवे मारीन’ घालणं हा खोटेपणा होईल. अर्थ समजावणारी ओळ वेगळी द्यावी.

बहीण याच मजकुरावरून 1930 वर किंवा सायबर पोलिसांकडे जाऊ शकते. संगणकाधारे तोतयेगिरी करून फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66D मध्ये येतं. कंपनीने नकार दिला, तर 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. तिथे कंपनीच्या उत्तरासोबत आपली मूळ तक्रारही पाहिली जाते. पहिल्या खेपेला ‘बदनामी’ लिहून अपिलात ‘तोतयेगिरी’ म्हटलं, तर कंपनीला म्हणता येतं की ही बाब आमच्यापुढे आलीच नव्हती.