उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याची साक्ष

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीला पूर नवा नाही. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी घराघरांत शिरले आणि भिंतीवरच्या तसबिरीही त्यातून सुटल्या नाहीत. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. भिजल्यावर तो फुगतो, चिकट होतो आणि वाळताना फ्रेमच्या काचेला धरून बसतो. मग घाईने फोटो ओढला की कागद हाती येतो आणि अर्धा चेहरा काचेवरच राहतो.

असा चेहरा आज संगणकावर पुन्हा उभा करता येतो. उरलेली बाजू उलटवून हरवलेल्या जागी बसवायची आणि जे कमी पडेल ते घरातल्या इतर फोटोंतून घ्यायचे, अशी त्याची रीत आहे. आपल्यापुढचा प्रश्न एवढाच की, त्यातून जो चेहरा तयार होतो, तो कोणाचा?

वाडीतल्या एखाद्या घरातला, दादीच्या तरुणपणचा स्टुडिओतला फोटो डोळ्यांपुढे आणू. तिची डावी बाजू, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताची, भुवईपासून गालापर्यंत गेली आहे. प्रथम तो तुकड्यांसह निदान सहाशे डीपीआयवर स्कॅन करावा आणि मूळ प्रत अमानत समजून बाजूला ठेवावी. पुढचे सारे काम नकलेवर. मग शाबूत बाजू आरशासारखी उलटवून नाकाच्या मध्यरेषेशी जुळवायची.

पहिली फसगत इथेच होते. स्टुडिओत चेहरा बहुधा किंचित वळवून बसवत. वळलेल्या चेहऱ्याची पलीकडची बाजू अरुंद दिसते, तेव्हा उलटवलेला भाग तेवढा आक्रसून घ्यावा लागतो. उजेडही एकाच बाजूने आलेला असतो. बाजू उलटवली की दोन्ही गाल सारखेच उजळतात आणि चेहरा थाळीसारखा सपाट होतो. चूक ओळखायची सोपी खूण डोळ्यांत असते. बुबुळावरचा उजेडाचा पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच अंगाला हवा. ते ठिपके समोरासमोर आले तर डोळा उसना आहे. शिवाय दादीची चमकी डाव्या नाकपुडीत होती. ती फाटलेल्या भागाबरोबर गेली आणि उलटवलेल्या भागात ती येणार कुठून?

म्हणून दुसऱ्या फोटोंकडे वळायचे, पण क्रमाने. आधी त्याच व्यक्तीचे, मग सख्ख्या बहीण-भावांचे, मग मुलांचे. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या कित्येक बायकांचा दुसरा फोटो म्हणजे हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. तो समोरून, सपाट उजेडात घेतलेला असल्याने डोळे, नाक आणि ओठ यांच्यातली अंतरे त्यावरून नीट मोजता येतात. त्यातल्या सुरकुत्या मात्र तरुण चेहऱ्यावर आणता येत नाहीत. त्वचेचा पोत आणि पापणीची घडी बहिणीच्या तरुणपणच्या फोटोवरून घेता येते. बहिणीचा तीळ नव्हे.

आता समजा, पासपोर्टच्या फोटोत दादीची डावी पापणी उजवीपेक्षा खाली आहे. वयाने पापण्या उतरतात, तेव्हा नुसत्या या फोटोवरून निकाल देता येत नाही. पण घरातली थोरली फुप्पी सांगते, “अम्मीची ती पापणी पहिल्यापासून तशीच.” तिकडे नातू म्हणतो, “फुप्पी, दोन्ही डोळे सारखे करू या ना. छान दिसेल.”

छान दिसेल यात शंका नाही. पण दोन सारख्या अर्ध्यांतून जी बाई तयार होईल, ती त्या घरात कधी राहिलीच नव्हती. कुठल्याही माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, आणि आपल्या माणसाला आपण ओळखतो ते बऱ्याचदा त्या फरकावरून. फोटो हा साक्षीदार आहे. त्याची जीभ अर्धी तुटली म्हणून उरलेले बोलणे आपण आपल्या सोयीचे त्याच्या तोंडी घालावे का? आम्हांला वाटते, घालू नये. इथे पापणी खालीच ठेवावी, कारण तिला दोन साक्षी आहेत : एक फोटो आणि एक लेक.

आणि जिथे एकही साक्ष नाही तिथे? रोमच्या सरकारी जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी १९४० च्या दशकात भग्न चित्रांसाठी एक रीत बसवली. गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र सलग दिसते, जवळ गेल्यावर नवे कुठले ते कळते. घरच्या फोटोलाही हे जमते. दोन प्रती काढाव्यात. एकीत चेहरा भरलेला, दुसरीत गेलेली जागा नुसती करडी. भरलेल्या प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलने लिहावे : पापणी पासपोर्टवरून, गालाचा पोत बहिणीचा, चमकी फुप्पीच्या सांगण्यावरून, कानाची पाळी अंदाजाने.

कारण ज्यांनी दादीला पाहिले ती माणसे आज आहेत, उद्या नसतील. त्यांच्यामागे भिंतीवर जे राहील, तीच पुढच्या मुलांची दादी. तिच्यातले किती तिचे आणि किती आपले, हे त्या मुलांना फ्रेम उलटून तरी वाचता यावे.