गुपचूप बदल नको, दुरुस्ती सांगावी

गुरुबंधू-भगिनींनो, वाणीत खरेपणा ठेवा असं आपण सत्संगात ऐकतो. ग्रुपवर लिहिलेलं तेही आपली वाणीच.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. मेसेज दाबून धरायचा आणि Edit निवडायचं. काना-मात्रा सुटली असेल तर एवढं पुरे.

पण समजा, उधन्यातल्या गुरुवारच्या सत्संगाची वेळ ५ ऐवजी ६ लिहिली गेली आणि दहाव्या मिनिटाला ती गुपचूप बदलली. मग मेसेजखाली फक्त Edited दिसतं. आधी काय होतं ते कळत नाही, नवी सूचनाही येत नाही. ज्यांनी ६ वाचून 'येतो' लिहिलं, ते आता ५ ला 'येतो' म्हणाल्यासारखे दिसतात. लिंबायतच्या मावशींनी घरच्या ग्रुपवर पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये तर ६ च राहतात. ती मंडळी आरती झाल्यावर पोचणार, आणि दोष मात्र त्यांच्याच वाचण्याला लागणार.

म्हणून वेळ, वार, जागा किंवा रक्कम बदलली, की त्याच मेसेजला उत्तर देऊन आपण लिहू या: "दुरुस्ती: गुरुवारचा सत्संग सायंकाळी ५ वाजता. आधी चुकून ६ लिहिलं होतं. पुढे पाठवला असेल तर हाही पाठवावा."

१५ मिनिटं उलटली तरी हा मार्ग उरतोच. जुना मेसेज पुसू नये. दुरुस्ती कशाची, ते त्यावरूनच कळतं.

॥ जय गुरुदेव ॥