एका दुकानाच्या दोन याद्या

व्याज हराम आहे हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. सूरह बकराच्या २७५व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध केला आणि व्याज निषिद्ध ठरविले. याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आज मांडायचा प्रश्न मात्र थोडा पुढचा आहे. आपल्या अनेक व्यापारी बंधूंनी नाइलाजाने म्हणा अथवा गाफीलपणाने म्हणा, बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलेले आहे. त्यांच्यापैकी काही जण खाजगीत म्हणतात, "बँक तर व्याजच खाते, तिला दिलेल्या कागदावर चार आकडे खोटे लिहिले तर त्यात कसले पाप?" या एका वाक्यात दीन आणि दुनिया दोन्ही बुडविण्याचे सामर्थ्य आहे. म्हणून ते शांतपणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. समजा, नाशिकच्या भद्रकाली परिसरात एका बंधूचे कापडाचे दुकान आहे. माल सुरत आणि मालेगावहून येतो, काही रोखीने, काही उधारीवर. बँकेने त्याला दहा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली आहे. हे ठराविक हप्त्यांचे कर्ज नव्हे. लागेल तेव्हा पैसे उचलायचे, विक्री होईल तसे भरायचे, पुन्हा उचलायचे, असे हे वाहते खाते आहे. दुकानातील माल बँकेकडे नजरगहाण असतो. म्हणजे ताबा व्यापाऱ्याचा, पण त्यावर हक्क बँकेचाही. माल नेण्यासाठी बँक कुलूप लावीत नाही, ती व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबते. हा शब्द म्हणजे दरमहा द्यावयाचे साठापत्रक, ज्याला सर्वजण स्टॉक स्टेटमेंट म्हणतात.

मंजूर मर्यादा दहा लाख असली तरी दहा लाख उचलता येतीलच असे नाही. त्या महिन्यात प्रत्यक्ष किती उचलता येतील, हे साठापत्रकावरून ठरते. त्या रकमेला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. तिचा हिशेब साधा आहे. आपल्या बंधूच्या दुकानात खरेदी किमतीने सोळा लाखांचा माल आहे. पण त्यातील दोन लाखांचा माल दोन ईदांपूर्वीचा, रंग उडालेला, न खपणारा आहे. तो वगळला की चौदा लाख राहतात. त्यातील चार लाखांचा माल उधारीचा आहे, त्याचे पैसे पुरवठादाराला द्यायचे आहेत. म्हणजे स्वतःच्या पैशाचा माल दहा लाखांचा. त्यावर पंचवीस टक्के मार्जिन, अर्थात व्यापाऱ्याचा स्वतःचा वाटा, वजा केला की साडेसात लाख. शिवाय गिऱ्हाइकांकडून तीन लाख येणे आहे. त्यातील एक लाख नव्वद दिवसांहून जुने, ते धरायचे नाही. उरलेल्या दोन लाखांवर चाळीस टक्के मार्जिन, म्हणजे एक लाख वीस हजार. एकूण ड्रॉइंग पॉवर झाली आठ लाख सत्तर हजार. मार्जिनचे प्रमाण बँकेगणिक वेगळे असते आणि ते मंजुरीपत्रात लिहिलेले असते; पण हिशेबाची रीत बहुधा हीच.

आता मोह कोठे शिरतो ते पाहा. तोच बंधू न खपणारा माल चांगल्यात मिसळून सोळा लाख लिहितो. चार लाखांचे देणे एक लाख दाखवितो. जुने येणे ताजे म्हणून धरतो. मग हिशेब तेरा लाखांच्या पुढे जातो आणि मर्यादेपर्यंत, म्हणजे पूर्ण दहा लाख, उचलण्याची मुभा मिळते. तीन ओळी बदलल्या आणि एक लाख तीस हजार रुपये हाती आले. परंतु हे पैसे कोणत्या मालावर आले? एक तर त्या मालावर जो विकला जाणार नाही, अथवा त्या मालावर ज्याचे पैसे पुरवठादाराला अजून मिळालेले नाहीत. एकाच गठ्ठ्यावर दोघांचा विश्वास उभा केला गेला, आणि दोघांनाही ते ठाऊक नाही.

हदीसमधील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तर आतील धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. लक्षात घ्या, माल ओला झाला यात त्याचा दोष नव्हता. दोष होता तो झाकण्यात. दोन ईदांपूर्वीचा माल शिल्लक राहणे हाही गुन्हा नाही. साठापत्रकात तो नव्या थपथपीखाली लपविणे हा गुन्हा आहे.

"पण बँक तर व्याजखाऊ" हा युक्तिवाद येथेच थांबवावा लागतो. हिजरतच्या रात्री मक्केचे कुरैश प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते. त्याच लोकांच्या ठेवी आपल्याजवळ (स.) अमानत म्हणून होत्या. शत्रूची मालमत्ता म्हणून त्या बुडविण्यात आल्या नाहीत, त्या परत करण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवण्यात आले. अमानतीचा नियम समोरच्याच्या चारित्र्यावरून ठरत नाही, आपल्या ईमानावरून ठरतो. व्याजाचा करार करणे हे एक पाप. त्या करारात खोटी साक्ष देणे हे दुसरे. दुसऱ्याने पहिले धुतले जात नाही.

उलट, दुसरे पहिल्याला वाढविते. कॅश क्रेडिटवर व्याज मंजूर मर्यादेवर लागत नाही, तर रोज दिवसअखेर खात्यात जेवढी उचल शिल्लक असेल तेवढ्यावर लागते, आणि महिन्याच्या शेवटी ते खात्यातच नावे पडते. दर वार्षिक अकरा टक्के धरला, तर खोट्या आकड्यांनी मिळविलेल्या एक लाख तीस हजारांवर तीस दिवसांचे व्याज सुमारे अकराशे पंच्याहत्तर रुपये होते. म्हणजे त्या बंधूने खोटे बोलून काय मिळविले? अधिक व्याज. शिवाय महिनाअखेरीचे व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिळते आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज चढते. असे वर्षभर चालले, तर अकरा टक्क्यांचे साडेअकराहून अधिक होतात. सूरह आलि इमरानच्या १३०व्या आयतीत दुपटी-चौपटीने वाढत जाणाऱ्या व्याजापासून रोखले आहे. ती वाढ कशी होते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. आपल्याच खात्याचा उतारा पुरेसा आहे.

तो उतारा आणखीही एक गोष्ट सांगतो. धंद्यात फिरणाऱ्या खात्याची उचल वरखाली होते. ईदपूर्वी चढते, ईदनंतर विक्रीचे पैसे भरले की उतरते. ज्या खात्याची उचल बारा महिने मर्यादेला चिकटून असते, तेथे पैसा मालातून निघून लग्नात, घरात किंवा प्लॉटमध्ये गेलेला असतो, आणि साठापत्रक ते भोक झाकण्यासाठी लिहिले जात असते. एके दिवशी बँकेचा अधिकारी मोजणीला येतो. ड्रॉइंग पॉवर खऱ्या आकड्यावर येते, एक लाख तीस हजारांची उचल अनियमित ठरते आणि पुरवठादारांना दिलेले चेक परत जातात. ही अनियमितता सलग नव्वद दिवस राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे खाते थकीत वर्गात जाते. साठापत्रक देणेच टाळले तरी सुटका नाही. तीन महिन्यांहून जुन्या पत्रकावर आधारलेली उचल अनियमितच धरली जाते.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. हाच बंधू रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडतो. तेव्हा जुना माल "कवडीमोलाचा" होतो, पुरवठादारांचे चार लाख पूर्ण आठवतात आणि जुने येणे बुडीत ठरते. बँकेच्या यादीत जे होते ते जकातीच्या यादीत नाही, आणि जे नव्हते ते आहे. दोन्ही याद्यांमध्ये रास्त फरक असू शकतो. बँक खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांतील कमी ती धरते. जकातीसाठी बहुतेक उलमांच्या मते वर्षपूर्तीच्या दिवसाचा बाजारभाव धरावा लागतो. त्यामुळे रुपयांचे आकडे वेगळे येतील. परंतु ताग्यांची संख्या वेगळी कशी येईल? पुरवठादाराचे देणे एका कागदावर एक लाख आणि दुसऱ्यावर चार लाख कसे होईल? घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी मापणारे, यांच्याविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो कठोर इशारा आहे, तो केवळ तराजूपुरता नाही.

आणि सूरह बकराच्या २८२व्या आयतीकडे पाहा. कर्जाचा लेख लिहिण्याची आज्ञा देताना मजकूर सांगण्याचे काम कर्जदारावर सोपविले आहे, आणि त्याने अल्लाहचे भय बाळगून त्यात काहीही कमी करू नये असे बजावले आहे. साठापत्रक हा नेमका असा कागद आहे. तो कर्जदार स्वतः लिहितो, स्वतः सही करतो आणि बहुतेक महिने कोणी मोजायला येत नाही. पाहणारा कोणी नाही असे वाटते, तेथेच ईमानाची परीक्षा असते.

या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट खऱ्या साठापत्रकापासूनच सुरू होते. आपल्या बंधूने खरा आकडा लिहिला, तर त्याला कळेल की आपली खरी ऐपत आठ लाख सत्तर हजारांची आहे. मग न खपणारा माल पडेल त्या भावाने विकून ते पैसे खात्यात भरता येतात. रोजची विक्री गल्ल्यात अथवा दुसऱ्या खात्यात पडू न देता त्याच दिवशी भरता येते. दोन लाख रुपये दहा दिवस बाहेर राहिले तरी सुमारे सहाशे रुपयांचे व्याज वाढते. दरमहा पंधरा हजारांनी उचल कमी केली, तर सुमारे पाच वर्षांत ती संपते. वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी मर्यादा कमी करण्याचा अर्ज स्वतः द्यावा, म्हणजे मोहाचे दारच अरुंद होते. पुरवठादाराशी उधारीची किंमत आधीच ठरवून माल घ्यावा, मात्र उशीर झाला म्हणून ती वाढणार नाही याची खात्री करून. नात्यातील एखाद्याने नफा आणि तोटा दोन्हींत वाटा घेऊन भांडवल घातले, तर ती शिरकत होते. आणि ज्यांच्यापाशी पैसा पडून आहे त्यांनीही विचार करावा, की आपला भाऊ बँकेच्या दारी गेला तेव्हा कर्जे-हसना देणारे आपण कोठे होतो?

येत्या महिन्यात साठापत्रकावर सही करण्यापूर्वी मागच्या रमजानची जकातीची यादी काढून शेजारी ठेवा. दोन्हीकडे दुकान एकच दिसते का, एवढेच पाहा. तिसरी यादी अल्लाहकडे आहे, आणि तीत माल ज्याचा त्याच्याच नावे लिहिलेला आहे.